तूर विकतो, डाळ विकत आणतो : पदवीधर मुलासाठी मधल्या वाटेवरचं काम

जानेवारी-फेब्रुवारीत मराठवाड्यातल्या कुठल्याही मोंढ्यावर जा, तुरीच्या पोत्यांची थप्पी लागलेली दिसेल. शेतकरी तूर देतो, पट्टी घेतो, घरी जातो. जूनमध्ये त्याच घरातली अम्मी दुकानातून पाच किलो तूरडाळ आणायला सांगते आणि किलोमागे जो भाव मोजावा लागतो, तो ऐकून सगळे गप्प होतात. तूर आपलीच होती. मधे तिच्यावर फक्त तीन-चार कामं झाली. चाळली, तेल लावलं, वाळवली, भरडली. ती कामं दुसऱ्याने केली, म्हणून मधला पैसाही त्याच्याकडे गेला.

आपल्याकडे बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. झालेली बरीच मुलं विचारतात, “शेतीत करिअर म्हणजे नेमकं काय करायचं?” या प्रश्नाला दहा क्षेत्रांची यादी देऊन उपयोग नाही. त्यापेक्षा एकच पीक हातात घेऊ आणि त्याच्या मागे वर्षभर चालत जाऊ. ते पीक तूर. लातूर, बीड, जालना, परभणी, हिंगोली, यवतमाळ, अमरावती या पट्ट्यात ती घरोघरी आहे. कोणत्या टप्प्यावर शिकलेल्या माणसाची गरज पडते, ते यातून दिसेल.

सगळ्यात मोठं काम : मिनी डाळमिल

लहान डाळमिल गावातल्या शेडमध्ये बसते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी डाळमिल विदर्भात चांगलीच माहितीची आहे. भोपाळची केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था आणि म्हैसूरची सीएफटीआरआय यांचीही मॉडेल्स आहेत. साधारण 2 ते 3 अश्वशक्तीच्या मोटरवर चालणारी अशी मिल तासाला एखादा क्विंटल माल काढते. हा आकडा ऐकून मुलं लगेच हिशोब मांडतात : तासाला एक क्विंटल, म्हणजे दिवसाला आठ! इथेच पहिली चूक होते. ती का, हे तुरीचा दाणा समजला की कळतं.

हरभऱ्याचं टरफल त्यामानाने सहज सुटतं. तुरीचं तसं नाही. टरफल आणि आतली डाळ यांच्यामध्ये डिंकासारखा चिकट थर असतो. तो सैल केल्याशिवाय दाणा रोलरमध्ये टाकला, तर टरफल निघत नाही आणि डाळ मात्र घासून पीठ होते. म्हणून तुरीवर आधी प्रक्रिया करावी लागते. क्रम असा :

आधी चाळणी. खडे, काडीकचरा, फुटके दाणे बाजूला काढायचे आणि दाणे आकाराप्रमाणे वेगळे करायचे. हे काम बरेच जण टाळतात. पण रोलर आणि जाळी यांच्यातलं अंतर एकाच आकारासाठी लावलेलं असतं. मोठे-बारीक दाणे एकत्र गेले, तर मोठा दाणा तुटतो आणि बारीक दाणा सालीसकट बाहेर पडतो.

मग रोलरमधून पहिली हलकी फेरी. यात साल काढायची नसते, तिला फक्त ओरखडे पाडायचे असतात, म्हणजे तेल आत शिरायला वाट होते.

त्यानंतर तेल. क्विंटलला साधारण 300 ते 500 ग्रॅम खाद्यतेल सगळ्या दाण्यांना सारखं चोळायचं आणि रात्रभर ढीग करून झाकून ठेवायचं. पुढचे दोन-तीन दिवस उन्हात पातळ पसरून वाळवायचं. मग क्विंटलला दोन-तीन लिटर पाणी शिंपडून पुन्हा रात्रभर ढीग, पुन्हा ऊन. ओलं होणं आणि वाळणं यात टरफल आणि डाळ वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात-आकसतात, आणि मधला चिकट थर सुटतो.

मग खरी भरडाई. साल निघते, डाळ दुभंगते. जे दाणे सालीसकट राहतात, त्यांना पुन्हा पाणी, पुन्हा ऊन, पुन्हा फेरी.

आता हिशोब पुन्हा बघा. मशीनचं काम तासाभराचं, पण एका लॉटला चार-पाच दिवस लागतात, आणि त्यातले बहुतेक दिवस माल उन्हात असतो. म्हणजे मिलची खरी क्षमता मोटरवर ठरत नाही, ओट्यावर ठरते. तीन सेंटिमीटर थर धरला, तर एक क्विंटल तुरीला साधारण 45 चौरस फूट जागा लागते. रोज पाच क्विंटल काढायची आणि प्रत्येक लॉट तीन दिवस उन्हात, म्हणजे एका वेळी पंधरा क्विंटल पसरलेली. त्यासाठी जवळपास 700 चौरस फुटांचा पक्का ओटा किंवा ताडपत्री हवी. शिवाय अवकाळीचे ढग आले की सगळं पटकन गोळा करणारे हातही हवेत. मशीनच्या कोटेशनमध्ये ओट्याचा खर्च कुणी लिहून देत नाही.

नफा कुठे जातो : उताऱ्याचा हिशोब

तुरीच्या दाण्यात टरफल साधारण 12 ते 15 टक्के असतं. म्हणजे कागदावर शंभर किलो तुरीतून पंच्याऐंशीच्या आसपास डाळ निघायला हवी. प्रत्यक्षात चांगल्या मिलचा उतारा 70 ते 75 टक्के, आणि लहान मिलवर नवखा माणूस असेल तर पासष्टच्याही खाली येतो. फरक कुठे जातो? डाळीचे कोपरे घासून झालेल्या पिठात, तुकड्यात आणि चुनीत.

एक उदाहरण घेऊ. 2025-26 हंगामासाठी तुरीचा हमीभाव क्विंटलला 8,000 रुपये आहे. तोच धरू. बाकीचे भाव समजण्यापुरते घेतले आहेत, आपल्या गावचे टाकून बघा.

दहा क्विंटल तूर घेतली, 80,000 रुपये. मजुरी, वीज, तेल, वाहतूक मिळून 6,000. एकूण 86,000. उतारा 68 टक्के आला, म्हणजे 680 किलो डाळ. सोबत 50 किलो तुकडा 50 रुपये किलोने गेला, 2,500 रुपये. 220 किलो चुनी-टरफल जनावरांसाठी 20 रुपये किलोने गेलं, 4,400 रुपये. ही दोन्ही रक्कम वजा करून डाळीचा खर्च उरतो 79,100. पिशवी-पॅकिंगचे किलोला 4 रुपये, म्हणजे 2,720. एकूण 81,820. डाळ 140 रुपये किलोने थेट घरोघरी विकली, तर 95,200 रुपये येतात. हातात राहिले 13,380.

आता तीच तूर, तोच भाव, पण उतारा 62 टक्के. डाळ 620 किलोच. वाढलेले 60 किलो चुनीत गेले, म्हणून चुनीचे 5,600 मिळाले. खर्च 77,900, पॅकिंग 2,480, एकूण 80,380. विक्री 86,800. हातात राहिले 6,420.

उतारा सहा टक्क्यांनी घटला आणि नफा निम्म्याहून खाली आला. आणखी एक गोष्ट दिसते. पहिल्या उदाहरणात पॅकिंगसह डाळ घरातच किलोला 120 रुपयांना पडली. घाऊक व्यापाऱ्याने 115 सांगितले, तर या उताऱ्याला तोटाच आहे. मोठ्या मिलवाल्याचा उतारा जास्त, मजुरी कमी. घाऊक भावात त्याच्याशी टक्कर देता येत नाही. लहान मिलचं गिऱ्हाईक वेगळं असतं : शहरात राहणारे नातेवाईक, वस्तीतली घरं, मदरशाचं किंवा वसतिगृहाचं स्वयंपाकघर, लग्नाचे आचारी. हे गिऱ्हाईक आधी मोजा, मशीन नंतर घ्या.

म्हणूनच पहिल्या वर्षी भरडून देण्याचं काम जास्त सुरक्षित. शेतकरी आपली तूर आणतो, डाळ घेऊन जातो, तुम्ही क्विंटलमागे मजुरी घेता. भाव पडला तरी तुमचा पैसा अडकत नाही आणि हात बसतो. फक्त एक पथ्य पाळा : आलेली तूर, निघालेली डाळ, तुकडा आणि चुनी, चारही वजनं शेतकऱ्यासमोर वहीत लिहा. गावात मिल बंद पडते ती बऱ्याचदा “माझी डाळ कमी भरली” या एका वाक्याने.

बिघडलं हे कसं ओळखायचं

बाहेर आलेल्या मालाची एक मूठ हातात घ्या. सालीसकट दाणे जास्त दिसले, तर दाणे नीट प्रतवारी केलेले नाहीत किंवा तेल-पाणी आत मुरलेलं नाही. तुकडा जास्त असेल, तर दाणा गरजेपेक्षा जास्त वाळून ठिसूळ झालाय किंवा रोलर फार दाबून लावलाय. डाळीच्या कडा गोल होऊन पिठाचं प्रमाण वाढलं असेल, तर साल न सुटलेला माल पुन्हा पुन्हा घासला जातोय. अशा वेळी थांबा आणि त्याला आणखी एक दिवस ऊन द्या.

ओलावा दाताखाली कळतो. नीट वाळलेला दाणा ‘कट्’ करून तुटतो, ओला दाणा दबतो. पण धंदा करायचा तर ओलावा मोजायचं मीटर घ्याच. तूर घेताना दाण्यावर पांढरे बारीक ठिपके दिसले, तर ती भुंग्याची अंडी आहेत. कीड शेतातूनच येते आणि गोदामात वाढते. गोल छिद्रं दिसेपर्यंत वाट बघाल तर आतली डाळ गेलेली असते.

आणि एक मोह टाळा. डाळ पिवळीधमक दिसावी म्हणून रंग लावणारे आहेत. मेटॅनिल यलो हा रंग खाण्यात वापरायला बंदी आहे. विश्वासावर चालणाऱ्या गिऱ्हाइकाला एकदा हात पिवळे झालेले दिसले, की धंदा तिथेच संपतो.

कागदपत्रं आणि पैसा

खाद्यपदार्थ तयार करायचा, तर एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना हवाच. उलाढाल आणि क्षमतेवरून कोणता ते ठरतं. अर्ज foscos.fssai.gov.in वर होतो. पिशवीत भरून विकायचं असेल, तर पिशवीवर पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. त्यासाठी वैधमापन विभागाकडे पॅकर म्हणून नोंदणी करावी लागते. लेबल लावलेल्या पॅकबंद डाळीवर 5 टक्के जीएसटी आहे, सुट्या डाळीवर नाही. राज्यातल्या राज्यात विक्री आणि वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नसते. वरच्या हिशोबात म्हणूनच तो धरलेला नाही.

भांडवलासाठी पीएमएफएमई ही केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना 2020 पासून आहे. यात पात्र प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदान मिळतं. समजा शेड, ओटा, मशीन मिळून 6 लाखांचा प्रकल्प आहे. किमान 10 टक्के, म्हणजे 60,000 स्वतःचे. बाकी 5 लाख 40 हजार बँकेचं कर्ज. अनुदान 2 लाख 10 हजार. पण हे अनुदान हातात येत नाही. ते बँकेतच तीन वर्षं ठेवलं जातं. खातं थकलं नाही आणि युनिट चालू राहिलं, तर कर्जात वळतं होतं. म्हणजे पहिल्या वर्षी मिल बंद पडली, तर अनुदानही गेलं असं समजा. अर्ज करायला जिल्ह्यात संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. त्यांचं मानधन योजनेतून मिळतं, म्हणून अर्जासाठी कुणी पैसे मागत असेल तर तो एजंट आहे. योजनेची मुदत आणि सध्याचे नियम जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात विचारूनच कोटेशन घ्या.

इथे आपल्या घरांमध्ये एक प्रश्न हमखास येतो. ही योजना कर्जाशी जोडलेली आहे आणि कर्जावर व्याज आहे. कर्ज नाही तर अनुदान नाही, हे स्पष्ट समजून घ्या. मधली वाट काढून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. ज्यांना व्याज टाळायचंय, त्यांच्यापुढे भागीदारीचा रस्ता आहे. एकाचं शेड, एकाचं मशीन, एकाची मेहनत, आणि नफा-तोटा लेखी करारात ठरलेल्या वाट्याने. त्यात अनुदान मिळणार नाही, सुरुवात लहान होईल, पण हप्त्याचा बोजाही नसेल. शरियतचा मसला आपल्या आलिमांना विचारा आणि हिशोबाचा मसला सीएला. दोन्ही करार करण्याआधी.

मिल बंद असते तेव्हा

तुरीची भरडाई फेब्रुवारी ते मे. मार्चपासून हरभराही येतो. जूनला पाऊस लागला की ओटा बंद, म्हणजे मिल जवळपास बंद. ऑगस्ट-सप्टेंबरात मूग-उडीद येतात, पण उन्हाचा भरवसा नसतो. वर्षातले निम्मे महिने मोकळे. फक्त मिलवर घर चालवू बघणारा इथेच अडकतो.

याच मोकळ्या महिन्यांत तुरीलाच दुसरं काम लागतं. ऑक्टोबर ते डिसेंबर तूर फुलोऱ्यात आणि शेंगेत असते आणि शेंगा पोखरणारी अळी येते. तेव्हा पीक माणसाच्या डोक्याइतकं झालेलं असतं, फांद्या एकमेकांत गुंतलेल्या असतात. पाठीवर पंप घेऊन आत शिरायला मजूर तयार होत नाही. शिरला तर औषध त्याच्या तोंडावर पडतं. ड्रोन फवारणीचा खरा उपयोग अशा पिकात आहे. 10 लिटरच्या टाकीत साधारण एक एकर होतो, तोही दहा मिनिटांच्या आसपास.

ड्रोन चालवायला डीजीसीएने मान्यता दिलेल्या संस्थेतून प्रशिक्षण घेऊन रिमोट पायलट प्रमाणपत्र घ्यावं लागतं. दहावी पास आणि वय 18 ते 65 ही अट आहे. पण उडवणं हा सोपा भाग. अवघड भाग औषधाचा आहे. पंपाने एकरी दीड-दोनशे लिटर पाणी लागतं, ड्रोनने दहा. एकरी औषधाची मात्रा तीच ठेवायची असते, म्हणून द्रावण पंधरा-वीस पट तीव्र होतं. मोजण्यात चूक झाली की पानं करपतात. वारा असेल तर औषध शेजारच्या शेतात जातं. फुलोऱ्यात भर दुपारी फवारलं तर मधमाश्या मरतात, आणि त्यांच्यामुळे तर शेंगा धरायला मदत होते. म्हणून संध्याकाळची वेळ बरी. हे सगळं कळणारा बी.एस्सी. ॲग्री किंवा रसायनशास्त्राचा पदवीधर आणि नुसता रिमोट धरणारा, यातला फरक शेतकऱ्याला दुसऱ्याच फवारणीत समजतो. ड्रोन लगेच विकत घेऊ नका. बॅटऱ्यांचे अनेक संच, चार्जिंगसाठी जनरेटर आणि दुरुस्ती यांचा खर्च मशीनइतकाच डोक्यावर बसतो. पहिला हंगाम दुसऱ्याच्या ड्रोनवर पायलट म्हणून काढा.

पगारी काम हवं असेल तर

प्रत्येकाला धंदा जमेल असं नाही. तुरीच्याच साखळीत नोकऱ्याही आहेत. हमीभाव खरेदी केंद्रावर ओलावा तपासून माल घेणारा ग्रेडर लागतो. तुरीसाठी 12 टक्क्यांची मर्यादा आहे आणि रोजची भांडणं त्याच आकड्यावर होतात. गोदामांना साठा आणि कीड नियंत्रण सांभाळणारी माणसं लागतात.

शेतकरी उत्पादक कंपन्यांना सीईओ आणि हिशोबनीस लागतात. केंद्राच्या 2020 च्या 10,000 एफपीओ योजनेत सीईओच्या पगारासाठी महिन्याला 25,000 आणि हिशोबनिसासाठी 10,000 रुपयांपर्यंत मदत होती, पण तीन वर्षांपुरती. म्हणून अशी नोकरी घेताना विचारा : कंपनीला मदत मिळण्याचं हे कितवं वर्ष आहे आणि गेल्या वर्षी किती माल विकला? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, तर पगारही फार दिवस मिळणार नाही. बी.कॉम. मुलांसाठी मात्र हे काम चांगलं आहे. बहुतेक कंपन्या माल नसल्यामुळे अडत नाहीत, वेळेवर न भरलेल्या कागदांमुळे अडतात.

बारावी विज्ञान शिकत असलेल्या मुला-मुलींनी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातला अन्नतंत्रज्ञानाचा बी.टेक. बघावा. कृषी पदवीधरांसाठी हैदराबादच्या मॅनेज संस्थेमार्फत ॲग्री-क्लिनिक योजनेत 45 दिवसांचं निवासी प्रशिक्षण मोफत आहे. त्यानंतरच्या प्रकल्प कर्जाला सर्वसाधारण गटात 36 टक्के आणि महिलांना 44 टक्के अनुदानाची तरतूद आहे. अट तीच, कर्जाशी जोडलेलं.

पहिलं पाऊल

मशीन बघायला जाण्याआधी एक प्रयोग करा. घरची किंवा बाजारातली एक क्विंटल तूर घ्या. तालुक्यात चालू असलेल्या एखाद्या मिलवर ती भरडून घ्या आणि पाचही दिवस तिथे थांबा. तेल तुम्ही चोळा, पसरायला तुम्ही वाका, ढग आले तर गोळा तुम्ही करा. शेवटी चारही वजनं लिहा आणि निघालेली डाळ वीस घरी, दर सांगून विका. पंधरा दिवसांनी त्याच वीस घरी पुन्हा जा. किती घरांनी पुन्हा मागितली, तो आकडा वहीत लिहा. मिल घ्यायची की नाही, हे त्या आकड्यावर ठरवा.